सहा ताटं आणि आदल्या रात्रीचा रस्सा

शनिवारी रात्री आठ वाजता सहा जणांनी एकत्र जेवायला बसायचं असेल, आणि त्या सहांमध्ये स्वयंपाक करणारी व्यक्तीही असेल, तर मेनू ठरवताना पहिला विचार चवीचा करू नये. पहिला विचार शेवटच्या अर्ध्या तासाचा करावा. त्या अर्ध्या तासात कुठला पदार्थ गॅससमोर कुणाला तरी उभं ठेवणार आहे, ते आधी पाहावं. मालवणी मटण आणि वडे हा बेत कुणाला नको असतो? पण वडे तळणीतून थेट ताटात यायला लागतात. ते फुगलेले आणि गरम असतानाच खायचे. म्हणजे पाच जण जेवत असताना सहावी व्यक्ती कढईपाशी. भाकरीचं तेच, घावनांचं तेच. आपल्याकडे ही सहावी व्यक्ती बहुतेक घरांत बाईच असते, आणि ती शेवटी एकटी जेवते. हे बदलायचं असेल तर नुसत्या सदिच्छेनं भागत नाही, त्यासाठी मेनूच बदलावा लागतो.

मेनूचा कणा मुख्य पदार्थ. तो आदल्या दिवशी करून ठेवता येणारा हवा, आणि नुसता टिकणारा नव्हे, तर रात्रभर मुरून सुधारणारा हवा. ताजी मासळी या परीक्षेत बसत नाही, कारण तिचं मांस नाजूक असतं आणि दुसऱ्यांदा गरम करताना तुकडे विरतात. कोंबडीचे छातीचे तुकडे पुन्हा तापवले की कोरडे पडतात. बिर्याणीचा भात दुसऱ्या दिवशी मोकळा आणि ओलसर राहत नाही. बोकडाचं मटण मात्र या कामासाठीच घडल्यासारखं आहे.

त्याचं कारण मटणातच आहे. खांदा, मान, नळी या भागांत स्नायूंना धरून ठेवणारे चिवट पांढरे धागे भरपूर असतात. कोलॅजन नावाचं प्रथिन ते हेच. मंद आचेवर, पाण्यात, बराच वेळ शिजलं की ते विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. गरम रश्शाला जो ओठांना चिकटणारा दाटपणा येतो तो त्याचा. भांडं फ्रिजमध्ये गेलं की हेच जिलेटिन गोठतं आणि रस्सा तुकड्यांभोवती धरून बसतो. दरम्यान मीठ आतपर्यंत शिरतं. मसाल्यातली बरीचशी सुगंधी द्रव्यं तेलात विरघळणारी असतात, ती रश्शातल्या स्निग्धांशात सावकाश पसरतात. म्हणून ताज्या मटणात मिरची, लवंग, कांदा वेगवेगळे ओळखू येतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांची मिळून एक चव लागते.

सहा जणांत एक तरी शाकाहारी असतो, असं धरूनच चालावं. त्याच्यासाठी वेगळी भाजी करायची म्हणजे दुप्पट काम. पण कोकणी स्वयंपाकात यावर सुंदर तोड आहे. मटणाला लागतं तेच भाजक्या कांदा-खोबऱ्याचं वाटण काळ्या वाटाण्याच्या सांबाराला लागतं, आणि हे सांबारही रात्रभर मुरल्यावर जास्त चांगलं लागतं. वाटण एकदा करायचं आणि दोन भांड्यांत वाटायचं. शाकाहारी पाहुण्याला आपल्यासाठी काहीतरी बाजूला काढलंय असं वाटत नाही, आणि मटण खाणारेही ते सांबार हमखास वाढून घेतात.

मग सगळा मेनू असा होतो: सुरुवातीला कोथिंबीर वडी. मुख्य जेवणात मटणाचा रस्सा, काळ्या वाटाण्याचं सांबार, बेकरीचे पाव, साधा भात, काकडीची कोशिंबीर आणि सोलकढी. शेवटी श्रीखंड. वडे, भाकरी, घावन यांना या दिवशी सुट्टी. त्यांची जागा पाव घेतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. गोवा आणि तळकोकणात रश्शाबरोबर पाव, उंडे, पोई खाण्याची रीत जुनी आहे.

वाटण

दोन्ही पदार्थांसाठी मिळून चार मोठे कांदे, एक नारळ खवून, अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, आठ-दहा लसूण पाकळ्या, पाच-सहा लवंगा आणि दहा-बारा मिरी पुरतात. बाकीचा मसाला घरच्या किंवा विकतच्या मालवणी मसाल्यातून येतो.

कांदा आणि खोबरं कधीही एकत्र भाजायला घेऊ नये. कांद्यात पाणी असतं. ते आटेपर्यंत कांदा नुसता वाफवला जातो आणि त्यानंतर त्याला रंग चढायला लागतो. खोबऱ्यात तेल असतं, त्यामुळे ते सुरुवातीला संथ राहतं आणि मग एका मिनिटात बदामीचं काळं होतं. म्हणून आधी उभा चिरलेला कांदा चमचाभर तेलावर मध्यम आचेवर वीसेक मिनिटं परतावा, कडा गडद तपकिरी होईपर्यंत. त्यातच शेवटी लसूण, लवंग आणि मिरी टाकावी. कांदा काढून त्याच कढईत खोबरं घ्यावं, आधी ओलं आणि ते कोरडं होत आलं की सुकं, आणि हात न थांबवता भाजावं. रंग भाजक्या शेंगदाण्याच्या सालीसारखा झाला की गॅस बंद करून लगेच ताटात पसरावं, कारण तापलेल्या कढईत ते भाजतच राहतं. थोडं जास्त झालंय अशी शंका आली तर चिमूटभर तोंडात टाकून पाहावं. कडवट लागलं तर ते टाकून द्यावं आणि नवं खोबरं भाजावं. जळक्या खोबऱ्याची कडू चव पुढे कशानंच झाकत नाही, उलट रात्रभरात ती सगळीकडे पसरते.

गार झाल्यावर सगळं अगदी कमी पाण्यात गंधासारखं बारीक वाटावं. भरड राहिलं तर दुसऱ्या दिवशी रस्सा तापवताना ते तळाशी बसतं आणि लागतं. वाटणाचे तीन भाग करावेत, दोन मटणाला आणि एक वाटाण्याला. हे वाटप मटण हाताळण्याआधीच करावं, आणि सांबाराचं भांडं, डाव, झाकण पहिल्यापासून वेगळं ठेवावं. शाकाहारी पाहुण्याला निर्धास्तपणे जेवता यावं, यासाठी एवढं पुरेसं आहे.

शुक्रवार संध्याकाळ

सहांपैकी एक शाकाहारी आणि जोडीला सांबार असल्यामुळे हाडांसकट सव्वा किलो मटण पुरतं. सहाही जण मटण खाणारे असतील तर दीड किलो घ्यावं. खाटकाला खांद्याचं, मानेचं आणि नळीचं मटण मध्यम तुकडे करून द्यायला सांगावं. नुसतं बिनहाडाचं, लालभडक मांस घेतलं तर वर सांगितलेलं कोलॅजन त्यात फारसं नसतं आणि दुसऱ्या दिवशी ते कोरडं लागतं.

मटणाला हळद, मीठ आणि आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं हिरवं वाटण चोळून तासभर ठेवावं. जाड बुडाच्या, पसरट पातेल्यात तेलावर एक बारीक चिरलेला कांदा परतून मटण टाकावं आणि पाणी न घालता पाच-सात मिनिटं परतावं. मग वर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी ओतावं. झाकणावरच्या पाण्यामुळे झाकण आतल्यापेक्षा थंड राहतं, वाफ त्याला लागून परत थेंबांनी मटणावर पडते आणि मटण स्वतःच्या रसात शिजायला लागतं. झाकणावरचं पाणी कढत झालं की तेच आत ओतायचं आणि झाकणावर नवं घालायचं. गार पाणी आत ओतलं तर भांड्याचा ताव जातो आणि शिजायला उगाच वेळ लागतो. असं मंद आचेवर साधारण सव्वा ते दीड तास चालतं, पण घड्याळ इथे फार कामाचं नाही. बोकड कोवळं की जून, यावर वेळ कमी-जास्त होतो.

उद्यासाठी करायच्या मटणात एक गोष्ट नेहमीपेक्षा वेगळी आहे. ते पूर्ण शिजवायचं नाही. आज खायचं असेल तर मांस हाडापासून सुटेपर्यंत शिजवलं तरी चालतं. उद्या ते पुन्हा उकळणार आहे, म्हणून आज थोडं आधी थांबायचं. खूण अशी: सुरीचं टोक तुकड्यात सहज जातं, पण तुकडा उचलला तर मांस हाडाला धरून असतं आणि चावताना किंचित दम लागतो. कुकर वापरायचा असेल तर एक शिट्टी झाल्यावर आच बारीक करून दहा-बारा मिनिटांनी बंद करावा, वाफ आपोआप जिरू द्यावी आणि मगच पाहावं. कमी असेल तर आणखी शिजवता येतं. जास्त शिजलं तर शनिवारी रश्शात धागे तरंगतात.

या टप्प्याला मालवणी मसाला चार-पाच चहाचे चमचे, आपल्या तिखटाच्या अंदाजानं, आणि वाटणाचे दोन भाग घालून दहा मिनिटं उकळी आणावी. मीठ हात राखून घालावं, कारण उद्या पाणी आटेल आणि तेच मीठ जास्त वाटेल. बटाटे आज घालू नयेत. रात्रभरात ते रस्सा पितात आणि तापवताना फुटतात. हवेच असतील तर उकडून वेगळे ठेवावेत आणि उद्या शेवटच्या पाच मिनिटांत सोडावेत.

काळे वाटाणे पाव किलो घ्यावेत आणि शुक्रवारी सकाळीच भिजत घालावेत, कारण त्यांना दहा-बारा तास लागतात. संध्याकाळी मिठाच्या पाण्यात कुकरला पाच-सहा शिट्ट्या द्याव्यात. दाणा बोटांत दाबला की पीठ व्हायला हवा, नुसतं साल सुटून चालत नाही. सालीच्या आत टणक लागलं तर आणखी दोन शिट्ट्या द्याव्यात. कोकम मात्र वाटाणे पूर्ण शिजल्यावरच घालावं. आंबट आधी पडलं तर कडधान्य मऊ व्हायला फार वेळ घेतं. तेलावर हिंग-मोहरीची फोडणी, कांदा, दोन-तीन चमचे मालवणी मसाला, उरलेलं वाटण आणि मग शिजलेले वाटाणे त्यांच्या पाण्यासकट. चार आमसुलं आणि सुपारीएवढा गूळ घातला की सांबार झालं.

गार करणं, हीच खरी कसोटी

पदार्थ आदल्या दिवशी करण्यात धोक्याची जागा स्वयंपाक नाही, त्यानंतरचे तीन तास आहेत. मटणात काही जीवाणूंचे बीजाणू असतात आणि ते उकळीलाही मरत नाहीत. रस्सा मोठ्या पातेल्यात, झाकण घालून ओट्यावर सावकाश गार होत राहिला, तर मधला भाग कितीतरी वेळ कोमट राहतो. कोमट मटणाचा रस्सा हे या जीवाणूंच्या वाढीसाठी सगळ्यात सोयीचं ठिकाण. वास आणि चव यांवरून ते नेहमी कळतंच असं नाही. त्यात ओल्या नारळाचं वाटण असल्यामुळे आपल्या हवेत रस्सा आंबायलाही वेळ लागत नाही. रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फ्रिजमध्ये टाकणं म्हणून पूर्ण चुकीचं.

सिंकमध्ये किंवा परातीत बर्फाचं पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवावं आणि झाकण काढून मधूनमधून डावानं ढवळावं. वीस-पंचवीस मिनिटांत वाफ येणं थांबतं. मग रस्सा दोन-तीन पसरट डब्यांत, चार बोटांपेक्षा जास्त खोल होणार नाही असा काढावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा. शिजवणं संपल्यापासून दोन तासांच्या आत तो फ्रिजमध्ये गेला पाहिजे. उकळतं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकललं तर शेजारचं दूध-दही कोमट होतं आणि पातेल्याचा मध्य तरीही गरमच राहतो. सांबारही असंच गार करावं.

त्याच रात्री दोन कामं आणखी उरकतात. कोथिंबीर वडीसाठी धुऊन कोरड्या केलेल्या दोन मोठ्या जुड्या बारीक चिरून त्यात दीड वाटी बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, तिखट, हळद, तीळ, मीठ घालावं, कमीत कमी पाण्यात मळावं आणि उंडे करून पंधरा-वीस मिनिटं वाफवावेत. रात्रभर गार झालेला उंडा सुरीखाली भुगा न होता सरळ कापला जातो. श्रीखंडासाठी अर्धा किलो ताजा, आंबट नसलेला चक्का आणि त्याला चारशे ग्रॅम पिठीसाखर पुरते. मिसळून, पुरणयंत्रातून काढून, वेलची-जायफळ घालून झाकून ठेवलं की शनिवारी त्याला हातही लावायचा नाही.

शनिवार

सकाळी सोलकढी. पंधरा-वीस आमसुलं दोन वाट्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून चोळून घ्यावीत. दीड नारळाचं दूध काढून त्यात हे पाणी, मीठ आणि वाटलेली हिरवी मिरची मिसळून सव्वा लिटरच्या आसपास कढी होईल इतकं पाणी घालावं. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात ठेवावी. लसूण मात्र संध्याकाळीच ठेचून घालावी, कारण सकाळी घातली तर रात्रीपर्यंत तिचाच वास वर राहतो. फ्रिजमध्ये वर जाडसर थर आला तर कढी फुटलेली नसते, ते नारळाचं तूप गोठलेलं असतं. पंधरा मिनिटं बाहेर ठेवून ढवळलं की एकजीव होते.

साडेसहाला डबे फ्रिजबाहेर काढावेत. मटणावर पांढरट-केशरी थर गोठलेला दिसेल. तो चरबीचा आणि तेलाचा. मसाल्याचा रंग आणि बराच सुगंध त्यात असतो, म्हणून सगळा काढू नये. फार जाड असेल तर अर्धा चमच्यानं उचलावा, बाकीचा तर्री म्हणून वर येऊ द्यावा.

तापवण्यासाठी भांडं पसरट आणि जाड बुडाचं घ्यावं. गोठलेला रस्सा आणि अर्धा पेला कढत पाणी घालून आच मंद ठेवावी. पहिली दहा मिनिटं घाई करू नये. गोठलेला रस्सा वरून घट्ट दिसतो तेव्हा तळाशी वाटण तापून चिकटायला लागलेलं असतं. उलथन्यानं ढवळलं तर तुकडे मोडतात, म्हणून भांड्याचे कान फडक्यात धरून भांडं अलगद फिरवावं. सगळा रस्सा पातळ झाला की आच वाढवून मध्यभागीसुद्धा खळखळ उकळी यायला हवी, आणि ती पाच मिनिटं टिकायला हवी. कडेला बुडबुडे आले म्हणजे झालं, असं समजू नये. इथेच कालचं अर्धवट राहिलेलं मटण पूर्ण शिजतं. आता मीठ चाखावं. मुरलेल्या रश्शात खोली येते, पण ताज्या मसाल्याचा वरचा सुगंध रात्रभरात उडालेला असतो. तो परत आणायला पाव चमचा गरम मसाला आणि मूठभर कोथिंबीर शेवटी घालावी.

सांबार रात्रीत घट्ट होतं, कारण वाटाण्यातलं पीठ गार झाल्यावर पाणी ओढून घेतं. त्याला एक-दीड पेला कढत पाणी लागतं, आणि त्यानंतर मीठ पुन्हा पाहावं लागतं. तेही पूर्ण उकळावं.

सात वाजता वड्या कापून थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस कराव्यात. त्या कोमटही चांगल्या लागतात, म्हणून पाहुणे येण्याआधी त्यांचं काम आणि तेलकट तवा दोन्ही संपतं. सव्वासातला दोन वाट्या तांदळाचा कुकर लावावा आणि तो न उघडता ठेवावा. आठ-सव्वाआठपर्यंत भात कढत राहतो. भात दुपारी करून कोमट ठेवू नये, त्यालाही मटणासारखाच धोका असतो. काकडी चोचवून, दाण्याचं कूट, खोबरं, मिरची आणि लिंबू बाजूला तयार ठेवावं. मीठ आणि लिंबू वाढायच्या वेळी घालावं, कारण मीठ लागलं की काकडी पाणी सोडते.

पाव तीन लाद्या, म्हणजे अठरा. संध्याकाळी बेकरीतून आणावेत आणि वाढायच्या आधी इडलीच्या भांड्यात चाळणीवर जेमतेम दोन मिनिटं वाफ देऊन जाड फडक्यात गुंडाळावेत. जास्त वेळ ठेवले तर खालून लिबलिबीत होतात.

आठ वाजता गॅसवर दोन भांडी झाकलेली असतात आणि दोन्ही शेगड्या बंद असतात. रस्सा, सांबार, भात, पाव, कोशिंबीर, सोलकढी सगळं टेबलावर मध्ये ठेवावं, दर भांड्याला स्वतःचा डाव, आणि ज्यानं त्यानं वाढून घ्यावं. वाढपी नको. यजमानांनी उठायचं ते फक्त श्रीखंड काढायला.

उरलेल्या रश्शाला एक नियम लावावा. टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त राहू न देता तो फ्रिजमध्ये टाकावा आणि दुसऱ्या दिवशी जेवढा खायचा तेवढाच बाहेर काढून उकळावा. सगळं भांडं पुन्हा पुन्हा तापवून पुन्हा गार करू नये, दर फेरीत धोका वाढतो आणि मटणाचा लगदा होतो. रविवारी दुपारी उरलेले दोन-तीन तुकडे आणि शिळा पाव तव्यावर भाजून खाल्ला की हा बेत संपतो.

मटण नको असेल तर सांबार दुप्पट करून जोडीला भरली वांगी ठेवता येतात, तीही आदल्या दिवशी होतात. मुख्य पदार्थ कोणताही असला तरी तो निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात: रात्रीत तो सुधारतो की खालावतो, आणि आठ वाजता त्याला उकळी देण्यापलीकडे काही लागतं का. या दोन्हींत जो बसेल, तो करावा, आणि मग पाहुण्यांबरोबर पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत निवांत बसून जेवावं.